शिडीच्या गणितातला चौथा आकडा

मृणालिनी जगताप हिच्या हातात खडू आला की तो हात कधी अडखळत नसे. कराडच्या एका ज्युनियर कॉलेजात तिनं आठ वर्षं गणित शिकवलं. फळा डावीकडून भरत जायचा, उजवा कोपरा आला की डावीकडचं पुसायचं आणि पुन्हा भरायचं. साठ मुलं माना खाली घालून उतरवून घ्यायची. तासाला वर्गात आवाज असायचा तो फक्त खडूचा, आणि बाहेरच्या पिंपळावरच्या साळुंक्यांचा. त्या शांततेचा तिला अभिमान होता. शेजारच्या वर्गातले सर म्हणायचे, "बाई, तुमच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येईल." ती हसायची, पण ते वाक्य तिनं मनात नीट घडी घालून ठेवलं होतं.

नवऱ्याच्या नोकरीमागे ती न्यूझीलंडला आली. हॅमिल्टनच्या उत्तरेला रोटोटुना म्हणून वस्ती आहे, तिथं त्यांनी घर केलं. सगळी घरं एकाच पावसात उगवल्यासारखी सारखी, कुंपणं नवी, झाडं अजून काठीला बांधलेली. सहा वर्षं तिनं एका मालवाहतुकीच्या कंपनीत कागदपत्रं सांभाळली. मग एक दिवस, लेक ओवी नऊ वर्षांची झाल्यावर, ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला पुन्हा फळ्यासमोर उभं राहायचंय."

चंद्रशेखर म्हणाला, "राहा की. आमच्यावर कशाला प्रॅक्टिस करतेस मग?"

तर अशी ती वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी झाली. शिक्षक होण्याची वर्षभराची पदविका. त्यात काही आठवडे खऱ्या शाळेत, खऱ्या वर्गावर शिकवायचं, आणि तिथल्या एका अनुभवी बाईंनी मागच्या बाकावर बसून ते बघायचं. ही गोष्ट दोन हजार सतरा सालच्या जून महिन्यातली, म्हणजे तिथल्या हिवाळ्यातली, जेव्हा हॅमिल्टनच्या आसपासच्या वायकाटो भागात सकाळी धुकं इतकं उतरतं की समोरचं कुंपणही दिसत नाही.

तिच्या मार्गदर्शक बाईंचं नाव मेरेआना, तिथल्या मूळच्या माओरी समाजातल्या. पन्नाशीच्या, उंच, गळ्यात हिरव्या दगडाचा ताईत, आणि हसणं असं की स्टाफरूममधले कप वाजावेत. पहिल्या पाहणीच्या तासानंतर त्यांनी मृणालिनीला समोर बसवलं आणि कागद पुढे सरकवला. त्यावर दोनच ओळी होत्या. तू एक्केचाळीस मिनिटं बोललीस. मुलं दोन मिनिटं बोलली. त्याखाली शेरा होता, 'अजून नाही.'

'नापास' म्हटलं असतं तर बरं, असं तिला वाटलं. 'अजून नाही' हे दार अर्धवट उघडं ठेवल्यासारखं होतं, आणि त्यातून गार वारा येत राहायचा. दुसरी पाहणी शेवटची. तिथंही 'अजून नाही' आलं, तर पदविका एक वर्ष लांबणार. नोकरी तर सोडलेलीच होती. पण एक वर्ष गेल्याचं दुःख तिला तितकं नव्हतं. ज्या एका कामात आपला हात अडखळत नाही असं ती मानत आली, तेच काम आपल्याला येत नाही असं कुणीतरी कागदावर लिहून देणार, याची तिला धास्ती होती.

सोमवारी संध्याकाळी मेरेआनांचा मेसेज आला. "बुधवारच्या पाहणीसाठी तेरावीला हे घे. चार गट कर, प्रत्येक गटाला एकेक आकडा दे. तुझ्या पद्धतीनं पानाची वर्कशीट बनव." तेरावी म्हणजे तिथल्या शाळेचं शेवटचं वर्ष. मेसेजखाली पुस्तकाच्या पानाचा फोटो होता.

मृणालिनी तेव्हा पोहण्याच्या तलावाबाहेर गाडीत बसली होती. ओवी आत पोहत होती. तिनं फोटो मोठा केला. शिडीचं गणित. पाच मीटर लांबीची शिडी भिंतीला टेकलेली आहे. तिचं खालचं टोक दर सेकंदाला अर्धा मीटर या वेगानं भिंतीपासून दूर ओढलं जातंय. खालचं टोक भिंतीपासून तीन मीटर, चार मीटर, चार पूर्णांक आठ मीटर आणि... इतक्या अंतरावर असताना वरचं टोक किती वेगानं खाली घसरत असेल?

'आणि' च्या पुढे पान दुमडलं होतं. त्यावर फोन धरणाऱ्या हाताची सावली पडली होती. चौथ्या आकड्याची फक्त खालची पोटाची गोलाई दिसत होती, पाचाची असते तशी. तिनं फोटो उजळ केला, तिरका केला, फोनच उलटा धरून बघितला. पाचच असणार. शिडी पाच मीटरची, सरकत सरकत शेवटी पाचावरच येणार.

"बाईंना विचारावं का?" हे तिच्या मनात आलं, नाही असं नाही. तिनं लिहिलंही, 'फोटोत शेवटचा आकडा दिसत नाही, कृपया...' आणि पुसलं. मेरेआना वयानं मोठ्या, हुद्द्यानं मोठ्या. त्यांनी वेळ काढून फोटो पाठवला, आणि आपण म्हणायचं, तुमचा फोटो नीट नाही? आणि त्यांच्या मनात आलं, हिला एवढंही ताडता येत नाही, तर?

तिच्या गावी विश्वनाथ गुरुजी होते. सातवीला गणित तेच शिकवायचे. एकदा त्यांनी फळ्यावर साठाच्या जागी ऐंशी लिहिलं. पहिल्या बाकावरच्या मृणालिनीला ते दिसलं. सगळ्या वर्गाला दिसलं असेल. पण वर्गानं वह्यांत ऐंशी उतरवलं, पुढची सगळी पानं ऐंशीनं सोडवली, आणि घरी जाऊन गुपचूप साठ केलं. गुरुजींना कुणी सांगितलं नाही. त्यात भीती थोडी होती, पण बरीचशी माया होती. मोठ्या माणसाला खाली बघायला लावायचं नाही, हे गावात कुणी शिकवत नसे, ते पाण्यासारखं अंगात मुरत असे.

तिनं फोन बाजूला ठेवला आणि लॅपटॉपवर लिहिलं, 'पाच मीटर.'

मंगळवारी छपाईच्या यंत्रापाशी मेरेआना भेटल्या. "काय गं, फोटो नीट आला ना? माझा कॅमेरा म्हणजे नुसता देखावा."

"हो हो," मृणालिनी म्हणाली, "एकदम छान."

शब्द तोंडातून निघून गेले होते. यंत्रातून कागद बाहेर येत होते, गरम, एकावर एक, चोवीस. चोवीस वेळा पाच. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मेरेआनांनी वरचा कागद उचलला, चष्मा डोक्यावर सरकवला, आणि तेवढ्यात त्यांना कुणीतरी हाक मारली. कागद परत ढिगावर पडला.

त्या दिवशी जेवताना चंद्रशेखर म्हणाला, "मृणाल, भात गार झाला. कुठं आहेस?"

"आकडा चुकला असला तर?"

"कसला आकडा?"

तिनं सांगितलं. ओवी ताटावरून मान वर करून म्हणाली, "आई, जस्ट आस्क हर."

"असं नसतं बाळा."

"व्हाय नॉट?"

मृणालिनीनं तिच्या ताटात आणखी भात वाढला. चंद्रशेखर हसत म्हणाला, "अगं, चाराच्या जागी पाच असला म्हणून काय शिडी कोसळणारे का?"

तिला हसू आलं नाही. बुधवारी सकाळी धुक्यातून गाडी चालवताना ती इंग्रजीत वाक्यं पाठ करत होती. मेरेआना म्हणतील, हा आकडा पुस्तकात नाही. मग आपण म्हणायचं, सोपा व्हावा म्हणून मी बदलला. नाही, हे खोटं. मग म्हणायचं, टाइप करताना झालं. हेही खोटंच. गंमत अशी की तिची सगळी काळजी त्या एकाच दाराशी राखण करत बसली होती, आकडा पुस्तकातला आहे की नाही. पाच घातल्यावर गणिताचं काय होतं, हे तिनं सोडवून बघितलंच नव्हतं. पहिले तीन तिनं तासाला हाताशी ठेवायच्या टिपणाच्या कार्डावर सोडवले होते. चौथ्याच्या वेळी ओवी ओल्या केसांनी गाडीत येऊन बसली होती, आणि पुढचं तिनं सोडून दिलं होतं. सूत्र तर तेच आहे. आठ वर्षं शिकवलेल्या बाईला चौथं उदाहरण काय सोडवायचं?

अकरा वाजून दहा मिनिटांनी तास सुरू झाला. मेरेआना मागच्या बाकावर बसल्या, मांडीवर वही.

सुरुवात चांगली झाली. तिनं भिंत काढली, जमीन काढली, तिरकी शिडी काढली. मग फळ्याचं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "यात बदलतंय काय? आणि बदलत नाही काय?" आणि ती गप्प राहिली. मेरेआनांनी तिला सांगितलं होतं, प्रश्न विचारल्यावर मनात सातपर्यंत मोज. चारापर्यंत मोजताना तिचा हात पेनाकडे गेला, तो तिनं मागे घेतला. सहाला एक मुलगा म्हणाला, "शिडीची लांबी बदलत नाही, मिस." मग दुसरी बोलली, मग तिसरा. तळाचं अंतर वाढतंय, उंची कमी होतेय. अंतराचा वर्ग अधिक उंचीचा वर्ग, नेहमीच पंचवीस. "म्हणून," ती म्हणाली, "आकडे लगेच घालायचे नाहीत. आधी पूर्ण नातं कालानुसार बदलू द्यायचं, मग त्या क्षणापुरता आकडा घालायचा. आधीच तीन घातलात, तर शिडी गोठेल. गोठलेल्या शिडीला वेग कुठला?"

मागं वहीवर पेन चाललं. चांगलं की वाईट, तिला कळेना.

वर्गानं त्या नात्याचं विकलन केलं, वेगाचं सूत्र मिळालं. वरच्या टोकाचा वेग म्हणजे अंतर भागिले उंची, गुणिले अर्धा, दिशा खाली. चारही गट कामाला लागले. पहिल्या गटानं सांगितलं, तीन मीटरला उंची चार, वेग शून्य पूर्णांक तीनशे पंचाहत्तर. दुसऱ्यानं सांगितलं, चार मीटरला उंची तीन, वेग शून्य पूर्णांक सदुसष्ट. तिसऱ्यानं सांगितलं, चार पूर्णांक आठला उंची एक पूर्णांक चार, वेग एक पूर्णांक एकाहत्तर. तिनं आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहिले. खालचं टोक एकाच वेगानं चाललंय, वरचं मात्र वेग घेत चाललंय. मुलांत कुजबूज झाली. तिला बरं वाटलं. वर्गात आवाज आहे आणि आपल्याला बरं वाटतंय, हे तिचं तिलाच नवल वाटलं.

"चौथा गट?"

चौथ्या गटात नायरी नावाची मुलगी होती. केस मानेवर घट्ट बांधलेले, बोटांना रंगाचे डाग. तिनं कॅल्क्युलेटर उचलून दाखवला. "मिस, हा एरर म्हणतोय."

"पुन्हा कर."

"तीनदा केलं. अंतर पाच, तर उंची शून्य. शून्यानं भागायचं कसं?"

मृणालिनीनं फळ्याकडे पाहिलं. पाच भागिले शून्य. अर्थातच उंची शून्य. पाच मीटरची शिडी, पाच मीटर दूर, म्हणजे जमिनीवर आडवी. सातवीतलं पोरही सांगेल. आणि हे तिनं चोवीस कागदांवर छापून वाटलं होतं.

मागचं पेन थांबलं. वर्ग शांत झाला. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

त्या शांततेत तिला एकदम सातवीचा वर्ग दिसला, आणि कळलं की आता ती पहिल्या बाकावर नाही, फळ्यापाशी आहे. आणि ही मुलं ऐंशी उतरवून घेणारी नाहीत. त्यांनी विचारलंय आणि ती वाट बघतायत. तिला सुचलं, म्हणावं की ही मुद्दाम ठेवलेली युक्ती होती. मुलांनी ते मानलं असतं. मेरेआनांनीही कदाचित मानलं असतं. वाक्य जिभेवर येऊन बसलं होतं.

"ती माझी चूक आहे," ती म्हणाली. "मला पानाचा जो फोटो मिळाला, त्यात हा आकडा दिसत नव्हता. मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. पाच असेल असं धरलं, आणि सोडवूनही बघितलं नाही."

कुणी हसलं नाही. नायरी म्हणाली, "मग आता काय करायचं?"

मेरेआनांकडे बघायचं नाही असं ठरवून मृणालिनीनं पेन उचललं. "माहीत नाही," ती म्हणाली. आयुष्यात फळ्यापाशी उभं राहून हे दोन शब्द ती पहिल्यांदाच बोलत होती. "बघू या पाचाच्या जवळ जाऊन. थोडं थोडं."

मुलं कॅल्क्युलेटरवर वाकली. चार पूर्णांक नव्याण्णव, वेग सुमारे आठ मीटर दर सेकंदाला. चार पूर्णांक नऊशे नव्याण्णव, म्हणजे शेवटाला फक्त एक मिलिमीटर उरला असताना, वेग पंचवीस.

"पंचवीस म्हणजे ताशी नव्वद," कुणीतरी ओरडलं. "जवळजवळ मोटरवेचा वेग!"

"अजून एक नऊ लाव!"

"ताशी दोनशे पंच्याऐंशी!"

"लावत जा, लावत जा, प्रकाशाच्या पुढं जाईल!"

वर्गात बाजार भरला. मृणालिनी मधोमध उभी होती आणि तिला खरोखर कळत नव्हतं, कारण गणितात कुठं चूक नव्हती. सूत्र बरोबर होतं. तरी शिडी प्रकाशाच्या पुढं कशी जाईल?

ओरडत नव्हती ती एकटी नायरी. ती म्हणाली, "मिस, माझे बाबा घरं रंगवतात. मी सुट्टीत त्यांच्याबरोबर असते. शिडी सुटली ना, तर ती शेवटपर्यंत भिंतीला चिकटून घसरत नाही. खाली येता येता वरचं टोक भिंत सोडतं."

"का सोडतं?" मृणालिनीनं विचारलं, आणि हा प्रश्न तिनं खरा विचारला होता, उत्तर ठाऊक असून नाही.

सात मोजायची गरज पडली नाही. नायरी हातानं दाखवत बोलू लागली, दुसऱ्यानं तिला अडवलं, तिसऱ्यानं पट्टी भिंतीला टेकवून खालून ओढली. पट्टी जमिनीजवळ आली आणि वरचं टोक खरंच भिंतीपासून सुटलं. चौघांनी मिळून वाक्य पुरं केलं. भिंत शिडीला नुसती बाहेर ढकलू शकते, धरून आत ओढू शकत नाही. वरच्या टोकाला खाली आणायला उरतं फक्त शिडीचं वजन, आणि सूत्र जितका वेग मागतं तितका ते वजन देऊ शकत नाही. म्हणून टोक सुटतं.

"आणि टोक सुटलं की?" मृणालिनीनं विचारलं.

"मग अंतर, उंची आणि शिडी यांचा काटकोन त्रिकोणच राहत नाही," नायरी म्हणाली. "पंचवीसचं नातंच तुटलं. सूत्र भिंतीला टेकलंय तोवरच खरं."

घंटा झाली. मुलं बोलत बोलत बाहेर गेली. पट्टी भिंतीपाशी तशीच पडली होती.

मेरेआना उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. त्या फळ्यापाशी आल्या आणि फळ्यावरच्या पाचावर बोट ठेवून म्हणाल्या, "पुस्तकात चार पूर्णांक नऊ आहे. वेग साधारण अडीच येतो. सरळ, सोपं उदाहरण."

"मला माफ करा."

"मी तुला विचारलं होतं, फोटो नीट आला का म्हणून. तू म्हणालीस, एकदम छान."

मृणालिनी जमिनीकडे बघत राहिली. विश्वनाथ गुरुजींबद्दल सांगावं असं तिला वाटलं, पण इंग्रजीत ते कसं सांगायचं? ती एवढंच म्हणाली, "मोठ्या माणसाला तुमचं चुकलं असं म्हणणं... आमच्याकडे जड जातं."

मेरेआनांनी फळ्यावरचा पाच पुसला. मग म्हणाल्या, "आमच्याकडेही मोठ्यांपुढं वाकतात. माझ्या आजीपुढं मी अजून उंच आवाजात बोलत नाही. पण आजी चुकीच्या रस्त्यानं निघाली, तर तिचा हात धरतेच की." आणि वही काखेत घालून त्या गेल्या.

शेरा शुक्रवारी मिळणार होता. दोन दिवस मृणालिनीला अन्न गोड लागलं नाही. ती स्वतःशीच मोजत बसायची, मी किती मिनिटं बोलले, मुलं किती. मोजता येईना. चंद्रशेखरनं एकदा थट्टा करायला तोंड उघडलं, तिचा चेहरा बघितला, आणि गुपचूप चहा करून आणला.

शुक्रवारी कागद आला. मुलं सव्वीस मिनिटं बोलली. शेरा, 'उत्तीर्ण.' त्याखाली मेरेआनांच्या तिरक्या अक्षरात आणखी एक ओळ होती: 'सोडवल्याशिवाय कागद वाटायचे नाहीत. दिसत नसेल तर विचारायचं. हे दोन्ही तुला अजून येत नाही.' तिनं तो कागद दोनदा वाचला. आनंद झाला खरा, पण 'अजून नाही' चा गार वारा दाराच्या फटीतून अजून येतच होता, आणि तो येतो हे बरोबरच आहे असंही तिला वाटलं.

पुढच्या सोमवारी ती पुन्हा तलावाबाहेर गाडीत होती. फोन वाजला. मेरेआनांचा मेसेज, खाली पुस्तकाच्या पानाचा फोटो. या वेळी फुग्याचं गणित. गोल फुग्यात दर सेकंदाला अमुक इतकी हवा भरतेय, तर फुगा सहा सेंटीमीटरचा असताना त्रिज्या किती वेगानं वाढतेय? सहाच्या अलीकडचा शब्द पानाच्या घडीत गेला होता. सहा ही त्रिज्या, की सहा हा व्यास?

तिनं आधी वहीत दोन्ही सोडवलं. व्यास धरला तर त्रिज्या तीन, आणि वेग चौपट. म्हणजे अंदाजावर भागणार नव्हतं.

तिनं लिहिलं, 'फोटोत एक शब्द दिसत नाही.' मग बोट पुसण्याच्या खुणेवर गेलं. जणू एखाद्या मोठ्या माणसाच्या घराची कडी ती अवेळी वाजवत होती. काचेबाहेर धुकं उतरायला लागलं होतं. आतून ओवी ओले केस झटकत, रबरी चपला फटफट वाजवत येत होती. तिनं दार उघडलं, सीटवर बसली आणि आईच्या फोनमध्ये डोकावली.

"आई, यू हॅव्हन्ट सेंट इट."

"हो गं, पाठवते," मृणालिनी म्हणाली.

आणि तिनं पाठवलं. मग फोन मांडीवर उलटा ठेवून, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरून, ती मनात सातपर्यंत मोजू लागली. पाचाला फोन वाजला.

"अरे देवा, हा माझा कॅमेरा! व्यास आहे गं. बरं झालं विचारलंस."